शब्दांची अदलाबदल, ध्वनींची अदलाबदल आणि मिश्रण: बोलण्यातल्या चुका वाक्याच्या कोणत्या पायरीवर होतात?

प्रश्न: परवा घरात एकाला ‘मी पिशवीत चष्मा ठेवलाय’ म्हणायचं होतं आणि तो म्हणाला, ‘मी चष्म्यात पिशवी ठेवलीय’. त्याच दिवशी माझ्या तोंडून ‘गार वारा’च्या जागी ‘वार गारा’ निघालं. पुस्तकात दोन्हींना अदलाबदलच म्हटलं आहे. मग दोन्ही एकाच प्रकारच्या चुका का? ‘गोंधळ’ आणि ‘घोटाळा’ मिळून ‘गोंटाळा’ झाला तर तो कुठे बसतो? आणि वाक्य मनात पायऱ्यापायऱ्यांनी तयार होतं, हे अशा चुकांवरून खरंच सिद्ध होतं का?

उत्तर:

एकाच प्रकारच्या नाहीत. तुमच्या पहिल्या दोन चुका वाक्यरचनेच्या दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर झालेल्या आहेत. ‘गोंटाळा’ तिसऱ्याच कारणाने होतो. सिद्धतेबद्दल शेवटी बोलू. आधी पिशवी आणि चष्मा नीट उलगडून पाहू, कारण तुम्ही दिलेलं उदाहरण फार उपयोगी आहे.

त्या वाक्यात नेमकं काय हललं ते बघा. ‘चष्मा’ आणि ‘पिशवी’ यांनी जागा बदलल्या, पण ‘पिशवीत’मधला ‘त’ पिशवीबरोबर गेला नाही. तो जिथे होता तिथेच राहिला आणि नव्याने आलेल्या चष्म्याला चिकटला. तोही ‘चष्मात’ असा चिकटला नाही. प्रत्ययाआधी आकारान्त पुल्लिंगी नामाचं सामान्यरूप व्हावं लागतं, ते रीतसर झालं: ‘चष्म्या’. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रियापद. बोलणाऱ्याच्या मनात ‘ठेवलाय’ होतं, तोंडातून ‘ठेवलीय’ आलं, म्हणजे क्रियापदाने चुकून कर्म झालेल्या पिशवीचं लिंग घेतलं. चूक एकच झाली. त्यानंतरचं सगळं व्याकरण त्या चुकीच्या मांडणीवर बिनचूक चाललं.

यावरून क्रम लागतो. आधी काय सांगायचं ते ठरलं: कोणी, काय, कुठे ठेवलं. मग त्यासाठी शब्द निवडले गेले आणि प्रत्येकाला भूमिका मिळाली: एक ‘ठेवलेली वस्तू’, एक ‘ठेवण्याची जागा’. घसरण इथे झाली. दोन नामांना एकमेकांची भूमिका मिळाली. या टप्प्यावर शब्दांना अजून आवाज नसतो. अर्थ आणि व्याकरणातली ओळख एवढंच असतं: हे नाम आहे, पुल्लिंगी आहे, एकवचनी आहे. भूमिका ठरल्यावर वाक्याचा साचा उभा राहिला, जागेला ‘त’ मिळाला, क्रियापदाला लिंग मिळालं, आणि मग त्या साच्यात शब्दांची ध्वनिरूपं भरली गेली. ध्वनिरूपं आधी तयार होऊन मग हलली असती तर ‘चष्मात’ असलं काहीतरी ऐकू यायला हवं होतं.

मराठीत ही गोष्ट इंग्रजीपेक्षा स्वच्छ दिसते. ‘पिशवीत चष्मा ठेवलाय’ आणि ‘चष्मा पिशवीत ठेवलाय’ ही दोन्ही वाक्यं आपल्याला चालतात. म्हणजे शब्द आपापल्या प्रत्ययासकट जागा बदलून बसले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, ती चूकच ठरणार नाही. चूक दिसते ती केवळ प्रत्यय मागे राहिला म्हणून. इंग्रजीत जागेवरून भूमिका कळते, त्यामुळे तिथे शब्द सरकला की भूमिका सरकली, की फक्त क्रम बदलला हे वेगळं काढायला जास्त खटाटोप करावा लागतो.

आता एक बारकावा. समजा तो माणूस ‘चष्म्यात पिशवी ठेवलाय’ असं म्हणाला असता. ऐकायला फरक एका स्वराचा आहे, पण निदान बदलतं. तेव्हा मी म्हटलं असतं की भूमिका बरोबर वाटल्या गेल्या होत्या, क्रियापदाने चष्म्याचं लिंग घेऊनही झालं होतं, आणि अदलाबदल त्यानंतर, साच्यात शब्द भरताना झाली. मात्र सामान्यरूप होण्याच्या आधी, कारण ‘चष्म्या’ व्यवस्थित झालं आहे. म्हणून अशी चूक टिपताना क्रियापदाचा शेवट कानाने नीट पकडा. आपली स्मृती नंतर वाक्य दुरुस्त करून ठेवते, आणि नेमका हाच स्वर त्यात हरवतो. तुमचं उदाहरण उपयोगी म्हणालो ते यासाठीही की पिशवी स्त्रीलिंगी आहे. तिच्या जागी ‘कपाट’ असतं आणि ‘ठेवलंय’ ऐकू आलं असतं, तर शंका उरली असती. मराठीत क्रियापदाला जुळवून घ्यायला कोणी सापडलं नाही की ते नपुंसकलिंगी एकवचनात जातं. मग ‘ठेवलंय’ कपाटामुळे आलं की नुसतंच आलं, हे सांगता आलं नसतं.

आता ‘वार गारा’. इथे दोन शब्दांचे फक्त पहिले व्यंजन बदलले आहेत. दोन्ही शब्द शेजारी आहेत, एकाच पदबंधात, म्हणजे एकत्र चालणाऱ्या शब्दगटात आहेत, आणि एक विशेषण आहे तर दुसरं नाम. पिशवी-चष्म्याशी ताडून पाहा. तिथे दोन्ही नामं होती आणि वाक्यात त्यांची कामं वेगळी होती. भाषेचं मानसशास्त्र अभ्यासणाऱ्या मेरिल गॅरेट यांनी १९७० च्या दशकात इंग्रजी चुकांचा मोठा संग्रह तपासला, तेव्हा हाच भेद ठळकपणे वर आला. अख्ख्या शब्दांची अदलाबदल बहुतेक वेळा एकाच जातीच्या शब्दांत होते, नाम नामाशी, क्रियापद क्रियापदाशी, आणि ती सहसा पदबंधाची सीमा ओलांडते. ध्वनींच्या अदलाबदलीला शब्दाच्या जातीचं काही पडलेलं नसतं, पण ती सहसा एकाच पदबंधाच्या आत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत घडते.

गॅरेट यांचा तर्क साधा आहे. दोन घटकांची अदलाबदल व्हायला दोन्ही एकाच वेळी, एकाच पातळीवर हाताशी हवेत. शब्द दूरवरून अदलाबदल करतात आणि जात पाळतात, म्हणजे जिथे ते निवडले जातात तिथे निदान एक अख्खं उपवाक्य एकदम डोळ्यांसमोर असतं आणि शब्दांची व्याकरणातली ओळख महत्त्वाची असते. ध्वनी जवळच अदलाबदल करतात आणि जात पाळत नाहीत, म्हणजे जिथे ध्वनी भरले जातात तिथे नियोजनाची खिडकी लहान असते आणि व्याकरण मागे पडलेलं असतं. एकाच यंत्रणेत या दोन्ही गोष्टी बसवणं अवघड जातं. टप्पे आहेत या म्हणण्याचा हा खरा आधार आहे. चूक गमतीदार आहे म्हणून काही सिद्ध होत नाही. चुकांचे दोन गट दोन वेगळे नियम पाळतात, म्हणून होतं.

ध्वनींचे नियमही कडक आहेत. शब्दारंभीचं व्यंजन शब्दारंभीच्या व्यंजनाशीच जागा बदलतं. ‘गार वारा’चं ‘रार वागा’ होत नाही. व्यंजन स्वराशी बदलत नाही. आणि चुकीतून जे निघतं तेही त्या भाषेत उच्चारता येण्याजोगंच असतं, याला अपवाद फार थोडे. मराठीत ‘ळ’ किंवा ‘ण’ने शब्द सुरू होत नाहीत, तर चुकीतल्या शब्दानेही तसं सुरू होऊ नये अशीच अपेक्षा असते. तुमच्या जोडीत आणखी एक गोष्ट आहे: ‘गा’ आणि ‘वा’ दोन्हींत पुढचा स्वर एकच, आणि त्यापुढे दोन्हीकडे ‘र’. बदलणाऱ्या व्यंजनांशेजारी सारखे ध्वनी असले की घसरायची शक्यता वाढते.

ध्वनींच्या अशा अदलाबदलीला स्पूनरिझम म्हणतात. हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते विल्यम आर्चिबल्ड स्पूनर (१८४४–१९३०) ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजचे प्रमुख होते. त्यांच्या नावावर खपणारे बहुतेक किस्से विद्यार्थ्यांनी रचलेले आहेत. ते ओळखायची खूण अशी की त्यांत अदलाबदलीनंतर दोन्ही बाजूंना खरे, खमंग शब्द निघतात. नैसर्गिक चुकांत बऱ्याचदा एखादा तरी अर्थहीन तुकडा असतो. ‘मोठी गाडी’चं ‘गोठी माडी’ झालं तर ‘माडी’ खरी, ‘गोठी’ पोकळ.

म्हणजे तुमच्या ‘वार गारा’त दोन्ही खरे शब्द निघाले हा योगायोग का? पूर्णपणे नाही. १९७५ मध्ये बार्स, मोटली आणि मॅकाय यांनी प्रयोगशाळेत अशा चुका घडवून आणल्या. पडद्यावर शब्दांच्या जोड्या येतात, त्या मनातच वाचायच्या. खूण झाली तर नुकतीच गेलेली जोडी मोठ्याने म्हणायची. मराठीत रचायचं झालं तर ‘वाट गाव’, ‘वेळ गीत’, ‘वीट गोणी’ अशा जोड्या आधी दाखवायच्या, म्हणजे मन ‘व’ आधी, ‘ग’ नंतर या क्रमाला सरावतं. मग लगेच ‘गार वारा’ दाखवून खूण करायची. काही जण घसरतात. या संशोधकांना असं आढळलं की घसरून खरे शब्द बनणार असतील तर चूक पुष्कळ जास्त वेळा होते, अर्थहीन शब्द बनणार असतील तर कमी.

हा निकाल टप्प्यांच्या साध्या चित्राला अडचणीचा आहे. ध्वनी भरण्याच्या टप्प्याला ‘हा खरा शब्द आहे का’ हे कळतं कसं? शब्द निवडण्याचं काम तर आधीच संपलं होतं. यावर दोन उत्तरं आहेत आणि त्यांचा वाद अजून मिटलेला नाही. गॅरी डेल यांचं १९८६ चं प्रारूप म्हणतं की टप्पे आहेत, पण वाहतूक दुहेरी आहे. ध्वनी जागे झाले की ते ज्या ज्या शब्दांत येतात त्या शब्दांना उलट जोर देतात, आणि खऱ्या शब्दांचं पारडं जड होतं. विलेम लेव्हेल्ट यांच्या बाजूचे लोक म्हणतात की वाहतूक एकेरीच आहे, फक्त बोलण्याआधी मनातल्या मनात एक तपासणी होते. अर्थहीन तुकडा त्या तपासणीत पटकन पकडला जातो, खरा शब्द निसटतो.

तपासणीच्या बाजूने चांगला पुरावा त्याच प्रयोगांतून आला. यादीत सगळेच शब्द अर्थहीन ठेवले तर खऱ्या शब्दांकडचा कल नाहीसा झाला. तपासणीचे निकष प्रसंगानुसार बदलतात असं मानलं तर हे समजतं. पुढे १९८२ मध्ये मोटली आणि सहकाऱ्यांनी अशा जोड्या दिल्या ज्या घसरल्या तर अश्लील शब्द निघावा. अशा चुका कमी झाल्या, पण बरोबर बोलून गेलेल्यांच्याही त्वचेच्या विद्युत्-मापनात ताण वाढलेला दिसला. म्हणजे चूक आत तयार झाली होती आणि दारातच अडवली गेली. मला स्वतःला तपासणी आणि उलटा जोर या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. उलट्या जोराच्या बाजूचा पुरावा दुसरीकडून येतो. एका शब्दाऐवजी दुसरा येतो तेव्हा तो अर्थानेही जवळचा आणि आवाजानेही जवळचा असण्याचं प्रमाण निव्वळ योगायोगाने यावं त्याहून जास्त असतं. अर्थ पाहणारा टप्पा आवाजाबद्दल पूर्ण आंधळा असता तर तसं होऊ नये. अर्थात तपासणीवाले याचंही श्रेय तपासणीलाच देतात.

आता ‘गोंटाळा’. वरच्या दोन्ही चुकांत हललेले घटक त्याच वाक्यात बोलायचे होते: पिशवीही म्हणायची होती, चष्माही म्हणायचा होता. ‘गोंधळ’ आणि ‘घोटाळा’ मात्र एकाच जागेचे दोन उमेदवार आहेत, वाक्यात यायचा होता त्यांपैकी एकच. म्हणून मिश्रणाचा उगम शब्दनिवडीत आहे. जे सांगायचं त्याला दोन शब्द जवळजवळ सारखेच लागू पडले, निकाल वेळेत लागला नाही आणि दोघांचीही ध्वनिरूपं पुढे गेली. मिश्रणात भेटणारे शब्द जवळपास नेहमी एकाच जातीचे आणि त्या प्रसंगापुरते समानार्थी असतात. जिथे एकाचा तुकडा संपून दुसऱ्याचा सुरू होतो, तो सांधाही मनमानी नसतो. तो बहुधा अक्षराच्या सीमेवर किंवा अक्षरातल्या स्वराच्या आधी पडतो. ‘गों’ एकाचा, ‘टाळा’ दुसऱ्याचा. म्हणजे बीज वरच्या टप्प्यावर आणि शिवण खालच्या. एका चुकीत दोन्ही टप्प्यांच्या खुणा दिसतात म्हणून मला मिश्रणं अदलाबदलींहून जास्त आवडतात, पण ती मिळतात कमी.

हीच गोष्ट अख्ख्या वाक्याच्या बाबतीतही होते. ‘मला आठवत नाही’ आणि ‘माझ्या लक्षात नाही’ यांतून ‘माझ्या आठवत नाही’ निघतं. इथे दोन रचना एकमेकांत अडकल्या आहेत, शब्द नाहीत. ‘माझ्या’ पुढच्या ‘लक्षात’साठी तयार झालं होतं आणि पुढे आलं भलतंच.

शब्दाची ओळख आणि त्याचा आवाज वेगवेगळे हाती लागतात, याला चुकांबाहेरचाही आधार आहे. नाव जिभेवर असतं पण येत नाही, त्या अवस्थेत माणसाला काय काय माहीत असतं हे तपासलं गेलं. १९९७ मध्ये इटालियन भाषकांवर झालेल्या एका प्रयोगात शब्द न आठवणाऱ्यांनाही त्याचं व्याकरणिक लिंग अंदाजापेक्षा बरंच अचूक सांगता आलं. आपणही ‘अरे ती… काय म्हणतात तिला’ म्हणून चाचपडतो तेव्हा ‘ती’ बऱ्याचदा बरोबर असते.

प्रत्ययांबद्दल एक राहिलं. ध्वनींच्या अदलाबदलीत ‘त’, ‘ला’, ‘ने’ यांच्यासारखे घटक सहसा ओढले जात नाहीत. ते साच्याचा भाग असतात, भरायच्या मालाचा नाही. मात्र त्यांचा उच्चार शेवटी ठरतो. इंग्रजीत ‘काऊ ट्रॅक्स’च्या जागी ‘ट्रॅक काऊझ’ असं म्हटल्याची नोंद आहे. अनेकवचनाचा प्रत्यय जागेवर राहिला, पण क नंतरचा ‘स्’ स्वरानंतर ‘झ्’ झाला. तुमच्या ‘चष्म्या’ने केलं ते हेच, फक्त एक पायरी वर.

आता सिद्धतेकडे. हा सगळा डोलारा कानाने टिपलेल्या चुकांवर उभा आहे आणि कान फसवा आहे. शब्दांच्या चुका पटकन लक्षात येतात. ध्वनींच्या चुका आपण ऐकता ऐकताच सुधारून घेतो. चुका तशाही विरळ असतात. बोलल्या गेलेल्या इंग्रजीच्या लंडन-लुंड संग्रहातल्या सुमारे १,७०,००० शब्दांच्या संभाषणात १९८१ मध्ये शोधल्या गेल्या तेव्हा दोनशेच्या आसपासच सापडल्या. त्यामुळे कोणता प्रकार जास्त होतो हे कानाने केलेल्या संग्रहावरून सांगताना मी हात आखडता घेतो. कोणता प्रकार कोणता नियम पाळतो हे सांगताना तितका घेत नाही, कारण ऐकण्यातली गफलत ‘नाम नामाशीच बदलतं’ असला नियम आपोआप निर्माण करणार नाही.

दुसरी अडचण ध्वनींच्या बाजूची आहे. १९९० पासून स्नायूंची आणि जिभेची हालचाल थेट मोजून पाहिली गेली, तेव्हा कळलं की कानाला स्वच्छ ‘व’ वाटणाऱ्या चुकीत अनेकदा मूळ ध्वनीची हालचालही अर्धवट झालेली असते. काही वेळा दोन्ही हालचाली एकदम होतात, आणि काही वेळा चूक झालेली असूनही ऐकणाऱ्याला बरोबरच ऐकू येतं. म्हणजे एक अख्खा ध्वनी उचलून दुसऱ्या खणात पडतो हे चित्र सोयीचं असलं तरी पुरतं खरं नाही. शब्दांच्या पातळीवरच्या तर्काला याने फारसा धक्का लागत नाही, ध्वनींच्या पातळीवरच्या तर्काला लागतो.

बोलण्यातल्या चुकांमागे दडपलेली इच्छा शोधणाऱ्या फ्रॉइड यांचं नाव या विषयात हमखास निघतं म्हणून एवढंच: त्यांच्या आधी १८९५ मध्ये व्हिएन्नातल्याच रुडॉल्फ मेरिंगर यांनी कार्ल मायर यांच्यासोबत चुकांचा संग्रह छापला होता आणि चुका भाषेच्या रचनेने बांधलेल्या असतात हे दाखवलं होतं. ‘वार गारा’मागे दडपलेली इच्छा शोधायची गरज पडत नाही, शेजारचा ‘वा’ पुरतो.

तुम्ही पुढे चुका जमवणार असाल तर प्रत्येक चुकीबरोबर तीन गोष्टी लिहा. तोंडून निघालेलं वाक्य प्रत्ययांसकट आणि क्रियापदाच्या शेवटासकट. बोलणारा स्वतःहून थांबला का, आणि कुठे: ‘वा… गार वारा’ असं पहिल्याच ध्वनीवर थांबणं म्हणजे चूक बहुधा तोंडातून निघण्याआधीच आत पकडली गेली होती. आणि लगेच विचारलेलं, ‘काय म्हणायचं होतं?’ याचं उत्तर. हे तिसरं टाळलं तर घोळ होतो. ‘गोंटाळा’ हे मिश्रण आहे की त्याच वाक्यात पुढे येणाऱ्या ‘टाळा’सारख्या शब्दाचा तुकडा आधी घुसला आहे, हे नुसत्या शब्दावरून ठरत नाही. बोलणारा म्हणाला, ‘गोंधळ म्हणणार होतो की घोटाळा, ते मलाच कळेना,’ तर मिश्रण. तो म्हणाला, ‘गोंधळ टाळा असं म्हणत होतो,’ तर पुढचा शब्द आधी आला, आणि ती नोंद ध्वनी भरण्याच्या टप्प्याखाली जाते.